प्रत्येक कामाला सही कशाला? ग्राहकाची माहिती वापरण्याचे संमतीखेरीजचे आधार, पंचवटीतल्या एका लॉजच्या उदाहरणाने

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. धंदेवाल्यांवर ज्यांचा खरा भार पडणार आहे ती कलमं नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यावर लागू होतात. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. नाशिकमधली लॉज, होमस्टे, गाड्यांच्या एजन्सी आणि पूजेची व्यवस्था पाहणारी मंडळी सर्वांत जास्त लोकांची माहिती गोळा करतील, तेव्हा हा कायदा पूर्ण चालू झालेला असेल.

त्याची तयारी म्हणून सध्या एक सोपा उपाय तोंडोतोंडी पसरतो आहे. चेक-इनच्या फॉर्मवर तळाला एक ओळ छापायची, ‘माझी माहिती वापरण्यास माझी संमती आहे’, आणि पाहुण्याची सही घ्यायची. हा उपाय मला धोक्याचा वाटतो. सही घेतली की काम झालं असं वाटतं, पण कायद्यात संमतीबरोबर बरंच काही येतं. संमती मागताना काय माहिती घेतो आणि कशासाठी, हे सांगणारी नोटीस द्यावी लागते. ती संमती मोकळेपणाने आणि एका ठरावीक कामासाठी दिलेली असावी लागते. पाहुण्याला ती कधीही मागे घेता येते, आणि वाद झाला तर संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. सगळ्याला मिळून घेतलेली एक सही यातली एकही अट पुरी करत नाही.

शिवाय बऱ्याच कामांना संमतीची गरजच नसते. कायद्याचं चौथं कलम दोन वाटा देतं. एक संमतीची, आणि दुसरी सातव्या कलमात सांगितलेल्या काही ‘वैध वापरां’ची. लहान धंद्याची रोजची बरीचशी कामं या दुसऱ्या वाटेने जातात. कुठलं काम कुठल्या वाटेने न्यायचं, हे एका उदाहरणात पाहू.

समजा, रामकुंडापासून चालत जाण्याच्या अंतरावर पंचवटीत बारा खोल्यांचं एक लॉज आहे. मालक काका, त्यांची सून, काउंटरवर एक मुलगा आणि साफसफाईला तिघं. एक बिलिंग सॉफ्टवेअर, एक व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर, सहा कॅमेरे. आधारकार्डांचे फोटो काउंटरवरच्या मुलाच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये निघतात आणि तिथेच राहतात. हे शेवटचं वाक्य ओळखीचं वाटलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आधी एक इशारा

इंटरनेटवर तयार मिळणारी प्रायव्हसी पॉलिसी उचलून वेबसाइटवर चिकटवू नका. त्यातल्या बऱ्याचशा युरोपच्या जीडीपीआर कायद्यावर बेतलेल्या असतात. तिथे सहा आधार आहेत: संमती, करार, कायदेशीर बंधन, जिवाचं रक्षण, सार्वजनिक काम आणि ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’, म्हणजे व्यवसायाचं स्वतःचं रास्त हित. युरोपातला दुकानदार म्हणू शकतो की ग्राहकाशी करार झालाय, तो पुरा करायला पत्ता लागतो, म्हणून वापरतो. किंवा जुन्या ग्राहकाला नव्या मालाबद्दल कळवण्यात माझं रास्त हित आहे.

भारताच्या कायद्यात करार आणि रास्त हित हे दोन्ही आधार नाहीत. ‘आम्ही आमच्या लेजिटिमेट इंटरेस्टसाठी तुमची माहिती वापरतो’ हे वाक्य नाशिकच्या लॉजच्या वेबसाइटवर असेल, तर तुम्ही कायद्यात नसलेल्या आधाराचा हवाला देत आहात. आपल्याकडचं सातवं कलम म्हणजे ठरलेल्या वापरांची बंद यादी आहे. काम त्या यादीत बसत नसेल, तर संमती घ्यायची किंवा ते काम सोडायचं. सतराव्या कलमात काही सवलती आहेत, त्यातल्या दोन आपल्याला पुढे लागतील.

‘आम्ही छोटे, आम्हाला सूट मिळेल’ यावरही विसंबू नका. स्टार्टअपसारख्या काही व्यवसायांना सूट देण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला आहे, पण ती सूट नोटीस देणं, माहिती पुसणं अशा मोजक्या कलमांपुरती आहे. आधार मागणारं चौथं कलम त्यात येत नाही. आधार सगळ्यांनाच लागतो.

पायरी पहिली: यादी कामांची करा

बहुतेकजण यादी करायला बसले की लिहितात: नाव, मोबाइल, पत्ता, आधार. या यादीचा उपयोग होत नाही, कारण कायदा आधार मागतो तो कामासाठी. एकच मोबाइल नंबर लॉजमध्ये पाच कामांना लागतो. बुकिंग पक्कं करायला, बिल पाठवायला, खोलीत विसरलेल्या चार्जरबद्दल कळवायला, पुढच्या वर्षीचे दर पाठवायला, आणि गाडीवाल्याला द्यायला. यातल्या पहिल्या तीन कामांना संमती लागत नाही. चौथ्याला लागते. पाचव्याचं उत्तर पाहुण्याने काय मागितलं होतं त्यावर ठरतं.

म्हणून एक दिवस काउंटरवर बसा आणि माहिती कुठे कुठे जाते ते क्रियापदांत लिहा. ‘आधारचा फोटो काढतो.’ ‘गुरुजींना नंबर पाठवतो.’ ‘कामगारांची हजेरी घेतो.’ बारा खोल्यांच्या लॉजला अशी पंधरा-वीस वाक्यं होतात.

कागदाच्या वहीतच राहणारी माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ती संगणकात भरली किंवा तिचा फोटो काढला की येते. गंगेवरच्या तीर्थपुरोहितांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या कागदावर आहेत तोवर बाहेर आहेत. स्कॅन करून मोबाइलमध्ये घेतल्या की त्यांनाही हा कायदा लागू होऊ शकतो.

पायरी दुसरी: पाहुण्याने आपणहून दिलेली माहिती

लहान धंद्याला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा आधार म्हणजे कलम ७ चा पहिला खंड, ७-ए. ग्राहकाने स्वतः, एका ठरावीक कामासाठी माहिती दिली आणि ती वापरायला नको असं कळवलं नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते. कायद्यातच याची दोन उदाहरणं आहेत. औषधाच्या दुकानात ग्राहक नंबर देऊन पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवायला सांगतो, तेव्हा दुकानदाराने तो मेसेज पाठवायला त्याचा नंबर वापरता येतो. दुसऱ्यात भाड्याचं घर शोधणारी व्यक्ती दलालाला मेसेज करून आपली माहिती देते. दलाल तिच्यासाठी घर शोधायला ती वापरू शकतो, पण ‘आता नको’ असं तिने कळवलं की त्याने थांबायचं.

हेच आपल्या लॉजवर लावून पाहू. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: ‘नमस्कार, आम्ही सोलापूरहून चौघं येतोय. त्र्यंबकला नारायण नागबळी करायची आहे. तीन रात्री खोली पाहिजे आणि गुरुजी सुचवा. माझं नाव, नंबर आणि गोत्र पाठवतो.’

या एका मेसेजने काकांना बरंच काही करता येतं. खोली राखून ठेवणं, येण्याच्या आदल्या दिवशी फोन करणं आणि बिल पाठवणं ७-ए मध्ये बसतं. गुरुजींना नाव, नंबर आणि गोत्र पाठवणंही बसतं, कारण पाहुण्याने तेच मागितलं आहे. कुठेही सही लागली नाही आणि नोटीसही लागली नाही, कारण नोटीस संमती मागताना द्यायची असते.

आता काकांचे ओळखीचे एक गाडीवाले आहेत, शिर्डी-शनिशिंगणापूरच्या फेऱ्या करणारे. काका रोज संध्याकाळी त्यांना दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांची यादी पाठवतात. सोलापूरच्या पाहुण्याचा नंबर त्यात गेला, तर ७-ए ओलांडलं. गाडी त्यांनी मागितलेली नाही. काकांना हा फरक बारीक वाटतो, म्हणून ते मला विचारतात.

‘ताई, त्यांच्याच सोयीसाठी देतो ना मी? त्यांना गाडी लागणारच आहे.’

‘मग एक वाक्य विचारा काका, गाडी बघू का म्हणून. हो म्हणाले की द्या.’

पाहुणा ‘हो, बघा’ म्हणाला की गाडीचं कामही त्याने स्वतः दिलेल्या कामांत येतं. ७-ए ची कसोटी इतकीच आहे: हे काम ग्राहकाने तुम्हाला सांगितलं होतं का? त्याला लागेलच, त्याच्या फायद्याचंच आहे, सगळेच करतात, ही उत्तरं चालत नाहीत.

या आधाराला दोन मर्यादा आहेत. पहिली, माहिती ज्याची त्यानेच दिलेली असावी लागते. चाळीस जणांची यात्रा घेऊन येणारा टूरवाला सगळ्यांची नावं, वयं आणि नंबर एका एक्सेल फाइलमध्ये पाठवतो, तेव्हा त्यातल्या एकोणचाळीस जणांनी तुम्हाला काहीच दिलेलं नसतं. अशा वेळी टूरवाल्याकडे फक्त खोल्यांची संख्या, माणसं किती आणि एका जबाबदार व्यक्तीचा नंबर एवढंच मागा. रजिस्टरची नावं प्रत्येकाकडून काउंटरवर घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. खोलीच्या हिशेबापुरतं ‘दोन मुलं’ एवढं लिहून भागत असेल, तर मुलांची नावं संगणकात भरूच नका. न घेतलेल्या माहितीला आधार शोधावा लागत नाही.

दुसरी मर्यादा अशी की ७-ए हा संमतीच्या जवळचा आधार आहे. या आधाराने ठेवलेली माहिती काय आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला सांगण्याचा हक्क पाहुण्याला आहे. बुकिंग रद्द झालं आणि ‘माझी माहिती काढून टाका’ असा मेसेज आला, तर त्याच्याकडे काणाडोळा करता येणार नाही. वापर लगेच थांबवायचा. पुसण्याची तारीख मात्र नियम पाहून ठरवायची, कारण नियमांनी माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी सरकारने मागितल्यास दाखवता याव्यात म्हणून किमान एक वर्ष ठेवायला सांगितल्या आहेत.

पायरी तिसरी: सरकारला द्यावी लागणारी माहिती

७-डी हा खंड सांगतो की, कुठल्याही कायद्याने तुमच्यावर सरकारला माहिती देण्याचं बंधन घातलं असेल, तर त्यासाठी संमती लागत नाही. लॉजच्या बाबतीत याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे परदेशी पाहुणा. तो आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ आल्यावरही लॉजवाले त्याला सी-फॉर्मच म्हणतात. यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील घ्यायला परवानगी मागू नका. मागितली आणि पाहुणा ‘नाही’ म्हणाला, तर काय करणार? माहिती तर द्यावीच लागणार आहे. त्याच्या हातात नसलेली निवड त्याला दाखवणं ही फसवणूक ठरते. त्यापेक्षा काउंटरवर स्पष्ट पाटी लावा की ही माहिती कायद्याने पोलिसांना कळवावी लागते.

भारतीय पाहुण्यांच्या रजिस्टरचंही असंच आहे, पण तिथे एक गृहपाठ करा. तुमच्या परवान्यातली अट आणि पोलिसांकडून आलेलं पत्र काढून वाचा. त्यात नेमकी कुठली माहिती ठेवायला सांगितली आहे आणि किती काळ, ते पाहा. ७-डी तेवढ्यालाच पुरतं. अटीत नाव, पत्ता, येण्या-जाण्याची वेळ आणि ओळखपत्राचा प्रकार असेल, तर दोन्ही बाजूंच्या आधारकार्डाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवायला ७-डी चा आधार मिळत नाही. ओळख पटवण्यासाठी कार्ड पाहून परत देता येतं. प्रत ठेवायचीच असेल, तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेलं मास्क्ड आधार मागता येतं.

बिलाचं तसंच. नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं बिल पन्नास हजार रुपये किंवा जास्त असेल, तर जीएसटीच्या नियमांनुसार त्यावर नाव-पत्ता लागतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. म्हणून सोलापूरच्या पाहुण्याने सगळं पुसायला सांगितलं, तरी त्याचं बिल तुम्ही ठेवू शकता. बाकीचं पुसायचं, आणि बिल का ठेवलं ते त्याला एका ओळीत कळवायचं. मात्र बिलाच्या नावाखाली त्याचं गोत्र किंवा ओळखपत्राचा फोटो सहा वर्षं ठेवता येणार नाही.

पोलीस चौकशीला आले तर? मागणी लेखी घ्या, कोणी मागितलं आणि काय दिलं हे नोंदवा, आणि मागितलं तेवढंच द्या. नातेवाइकांच्या फोनला मात्र कुठलाही आधार नाही. ‘आमची मुलगी काल तुमच्याकडे उतरली होती का, कोणाबरोबर होती?’ असा फोन प्रत्येक लॉजला येतो. काउंटरवरचा मुलगा मदत म्हणून रजिस्टर उघडतो. त्याला आधीच शिकवून ठेवा: असं काही सांगता येत नाही, काळजी असेल तर पोलिसांकडे जा. यात कायद्याच्या पलीकडे कोणाच्या तरी जिवाचाही प्रश्न असू शकतो.

पायरी चौथी: कामगार

७-आय या खंडाने नोकरीच्या कामासाठी, तसंच मालकाला नुकसानीपासून किंवा कायदेशीर जबाबदारीपासून वाचवण्यासाठी कामगारांची माहिती वापरता येते. पगाराला बँक खातं, पीएफ लागू असेल तर त्याचा नंबर, हजेरी, किल्ल्या कोणाकडे होत्या याची नोंद, हे सगळं यात येतं. बारा हजारांवर काम करणाऱ्या बाईकडून हजेरीच्या मशीनसाठी ‘संमती’ लिहून घेण्यात तसाही अर्थ नाही. नाही म्हटलं तर काम जाईल ही भीती असताना ती मोकळी संमती कशी म्हणायची?

पण ‘कामगार आपलाच आहे’ म्हणून सगळंच यात ढकलू नका. दिवाळीला सगळ्यांचा फोटो लॉजच्या इन्स्टाग्रामवर टाकणं ही जाहिरात आहे, नोकरीचं काम नाही. तिथे विचारायचं, आणि नाही म्हणणाऱ्याला फोटोतून बाहेर राहू द्यायचं. नोकरी मागायला आलेल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बायोडेटा अजून ७-आय मध्ये येत नाही, कारण तो कामगार झालेला नाही. त्याने नोकरीसाठी स्वतः दिला, म्हणून तो ७-ए मध्ये. जागा भरली आणि त्याला घेतलं नाही, की तो बायोडेटा दुसऱ्या लॉजवाल्याला पाठवायचा नाही.

सिंहस्थात जादा माणसं ठेकेदाराकडून घेतली जातील. ती ठेकेदाराची कामगार असतात, म्हणून त्यांच्या पगाराची आणि बँकेची माहिती ठेकेदाराकडेच राहू द्या. तुम्ही नाव आणि पाळीची वेळ एवढंच घ्या.

पायरी पाचवी: कॅमेरे, जिथे सर्वांत जास्त गोंधळ होतो

युरोपात दुकानातल्या कॅमेऱ्याला सहसा रास्त हिताचा आधार दिला जातो. आपल्याकडे तो नाही. मग जिन्यावरच्या कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची संमती घ्यायची? ते शक्य नाही, आणि ‘आत आलात म्हणजे संमती दिलीत’ अशी पाटी लावून संमती होत नाही, कारण कायद्याला स्पष्ट, होकारार्थी कृती लागते.

माझ्या मते इथे सतराव्या कलमाचा विचार करावा. गुन्हा टाळण्यासाठी, शोधण्यासाठी किंवा त्याच्या तपासासाठी माहिती हाताळली जात असेल, तर १७-१-सी या तरतुदीने बऱ्याच कलमांतून सवलत दिली आहे. चोरी रोखण्यासाठी काउंटर, जिना आणि पार्किंगवर लावलेला कॅमेरा त्यात बसवता येतो. कामगारांच्या बाबतीत ७-आय ही जोडीला आहे. ही कलमं लागू व्हायची असल्याने यावर डेटा प्रोटेक्शन बोर्डाचा किंवा कोर्टाचा निर्णय अजून झालेला नाही, म्हणून हा आधार ताणू नका.

ताणला गेला हे ओळखायच्या खुणा सांगते. कॅमेरा चोरीच्या जागेऐवजी खोलीच्या दाराच्या आत पाहतो आहे. फुटेज महिनोन्‌महिने पडून आहे, कारण जुनं आपोआप पुसण्याची सेटिंग कोणी लावलीच नाही. काउंटरवरच्या मुलाने कोणाच्या घसरून पडण्याची क्लिप ग्रुपवर टाकली. या तिन्हींचा गुन्हा रोखण्याशी संबंध नाही, म्हणून सवलतही नाही. आणि सवलत असली तरी माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सुटत नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लॉजला एवढा दंड होईल असं नाही, चुकीचं गांभीर्य पाहून रक्कम ठरते. पण डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला.

याच कलमातली दुसरी सवलत उधारीच्या वेळी उपयोगी पडते. पाहुणा बिल न देता गेला, तर कायदेशीर हक्क वसूल करण्यासाठी, म्हणजे नोटीस पाठवायला किंवा दावा लावायला, त्याचा पत्ता वापरता येतो. त्याचा फोटो ‘या माणसापासून सावध’ म्हणून लॉजवाल्यांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे वसुली नव्हे.

पायरी सहावी: जीव आणि गर्दी

हे थोडक्यात, कारण इथे विचार करत बसायचं नसतं. पाहुण्याला झटका आला, तर त्याचं नाव, वय आणि सोबतच्यांनी सांगितलेली औषधं रुग्णवाहिकेला द्यायला ७-एफ आहे. आपत्तीत किंवा सार्वजनिक व्यवस्था कोलमडल्यास लोकांच्या सुरक्षेसाठी माहिती द्यायला ७-एच आहे. ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली होती. अशा दिवशी कोण कुठल्या लॉजवर उतरलं होतं ही यादी प्रशासनाला देताना कोणी संमतीच्या फॉर्मसाठी थांबू नये. प्रसंग संपला की आधारही संपतो, म्हणून त्या दिवशी पाठवलेल्या याद्या नंतर ग्रुपवरून काढून टाका.

पायरी सातवी: उरलं त्याला संमती

आता यादीत जे उरलं, त्यालाच संमती लागते. आपल्या लॉजवर त्यात बहुधा दोन-तीनच कामं निघतात: पुढचे दर आणि ऑफर कळवणं, पाहुण्याचा फोटो किंवा अभिप्राय जाहिरातीत वापरणं, आणि न मागितलेल्या सेवांसाठी नंबर दुसऱ्याला देणं. ही संमती चेक-इनच्या घाईत घेऊ नका, चेक-आउटला घ्या. तोवर खोली मिळालेली असते, म्हणजे नाही म्हटल्याने पाहुण्याचं काही अडत नाही. मेसेज असा लिहिता येईल:

‘नमस्कार. सिंहस्थातल्या स्नानाच्या तारखा आणि त्या दिवसांतले खोल्यांचे दर तुम्हाला या नंबरवर कळवू का? यासाठी तुमचं नाव आणि हा नंबर एवढंच वापरू. हवं असेल तर “हो” लिहा. नंतर कधीही “बंद” लिहिलं की मेसेज थांबतील. आमच्याकडे असलेली तुमची माहिती पाहायची, दुरुस्त करायची किंवा तक्रार करायची असेल तर इथेच लिहा. समाधान झालं नाही तर डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे तक्रार करता येते.’

मराठीबरोबर हिंदीतही ठेवा. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो, म्हणून आंध्र-गुजरातकडचे यात्रेकरू जास्त येत असतील तर तेलुगू आणि गुजराती मजकूरही करून ठेवा. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजा. ‘हो’ आलेले चॅट जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. गेल्या दहा वर्षांत जमवलेली जी जुनी यादी आहे, तिच्यात कोणी कधी होकार दिला हे दाखवता येत नसेल, तर मे २०२७ नंतर तिच्यावर ऑफर पाठवू नका.

पायरी आठवी: एका कामाला एक ओळ

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये मावतं. रकाने पाच: काम, लागणारी माहिती, आधार, कधी पुसायची, आणि का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सहा महिन्यांनी सून किंवा नवा मॅनेजर विचारेल तेव्हा ‘का’ आठवत नाही. आपल्या लॉजच्या तीन ओळी अशा होतील:

गुरुजींना नंबर देणं. नाव, नंबर, गोत्र. ७-ए. पूजा झाली की वापर बंद, वर्षाने पुसायचं. पाहुण्याने मेसेजमध्ये स्वतः मागितलं.

परदेशी पाहुण्याची माहिती कळवणं. पासपोर्ट, व्हिसा, मुक्काम. ७-डी. कायद्यात सांगितलेल्या मुदतीपर्यंत. कळवणं बंधनकारक.

सिंहस्थाचे दर पाठवणं. नाव, नंबर. संमती. ‘बंद’ आलं की पाठवणं थांबवायचं. चेक-आउटला ‘हो’ घेतलं.

एका कामाला दोन आधार लिहू नका. ‘७-ए, नाहीतर संमती’ असं लिहिलं, की पाहुणा ‘बंद’ म्हणाल्यावर थांबायचं की नाही हे काउंटरवर ठरेनासं होतं. आणि काम बदललं की जुन्या ओळीला नवं काम जोडू नका, नवी ओळ लिहा. उद्या काकांनी गुरुजींना दिलेल्या नंबरांवरून पूजेच्या साहित्याची जाहिरात करायची ठरवली, तर ते वेगळं काम आहे आणि त्याचा आधार पुन्हा शोधायचा आहे.

युरोपचा पाहुणा

जर्मनीचा पासपोर्ट असलेला माणूस पंचवटीत येऊन राहिला, म्हणून लॉजला जीडीपीआर लागू होत नाही. तिथे नागरिकत्व पाहत नाहीत. युरोपीय संघात असलेल्या लोकांना उद्देशून तुम्ही सेवा विकता का, हे पाहतात. कोणीही उघडू शकेल अशी साधी वेबसाइट एवढ्याने तसं होत नाही. जर्मन भाषेतलं पान, युरोत दर आणि तिकडच्या लोकांना दाखवलेल्या जाहिराती असं सगळं जुळून आलं, तर होतं. तसं असेल तर त्या ग्राहकांपुरते करार आणि रास्त हित हे आधार वापरता येतात. मात्र रास्त हित वापरण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात: हित कुठलं आहे, ते साधायला ही माहिती खरोखर लागते का, आणि त्या व्यक्तीच्या हक्कांपुढे ते जड भरतं का. हीच माहिती नाशिकमध्ये हाताळताना भारताचा कायदाही लागू राहतो, म्हणून शीटमध्ये अशा कामांना आधाराचे दोन रकाने करा, एक भारताचा आणि एक युरोपचा.